मित्राला दिलेले तीन लाख: उसनवारीचा करार सही करण्याआधी कसा वाचावा

पुढचा मजकूर एका खऱ्याखुऱ्या धाटणीच्या मसुद्यातला आहे. नाव-गाव काढून टाकलं तर नाशिकमध्ये असे मसुदे रोज टाइप होतात.

"लिहून देणार यांनी लिहून घेणार यांचेकडून रु. 3,00,000/- हातउसने घेतले असून सदर रकमेवर 1 टक्का व्याज देण्याचे मान्य केले आहे. सदर रक्कम दोन वर्षांत हंगामाप्रमाणे हप्त्याने परत करण्याची आहे. हप्ता थकल्यास संपूर्ण रक्कम एकरकमी देणे लागेल व त्यावर दरमहा 5 टक्के दंडव्याज लागू राहील. रक्कम न दिल्यास लिहून देणार हे आपल्या मालकीच्या शेतजमिनीपैकी 20 गुंठे क्षेत्र लिहून घेणार यांना लिहून देतील."

पैसे देणारा सातपूरला कंपनीत नोकरीला, घेणारा निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. शाळेपासूनची मैत्री. मी वकिली करतो, त्यामुळे सहीच्या आधी दोघं हा कागद घेऊन माझ्याकडे आले. चार वाक्यांच्या या मजकुरात परतफेड, व्याज आणि थकबाकी तिन्ही आहेत, आणि तिन्हींत भांडणाला पुरेल एवढी मोकळी जागा आहे. हा कागद आम्ही कसा वाचला आणि कसा दुरुस्त केला ते क्रमाने सांगतो. तुमच्या हातातला मसुदा वेगळा असेल, पण वाचायची पद्धत हीच. प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारायचे: कोणत्या तारखेला, किती रुपये, आणि नाही दिले तर काय. जवळ पेन, कॅल्क्युलेटर आणि कॅलेंडर ठेवा.

आधी कोण कोण आहे आणि पैसे कसे गेले

"लिहून देणार" म्हणजे कागद लिहून देणारा, म्हणजेच कर्ज घेणारा. पैसे देणारा असतो तो "लिहून घेणार". घाईत वाचताना पैसे देणाऱ्यालाच "देणार" समजून लोक सही करतात, आणि जबाबदाऱ्यांची वाक्यं उलटी वाचतात. शंका असेल तर पहिल्याच ओळीत "लिहून देणार (यापुढे ऋणको)" आणि "लिहून घेणार (यापुढे धनको)" असं करून घ्या.

मग रक्कम. मसुद्यात "घेतले असून" आहे, पण कधी आणि कसे ते नाही. आयकर कायद्यानुसार 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीने घेता येत नाही. खात्यातून, चेकने किंवा ऑनलाइनच घ्यावं लागतं. नियम मोडला तर घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो आणि तो कर्ज घेणाऱ्यावर बसतो. शेतकऱ्याला सूट आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. ती सूट देणारा आणि घेणारा अशा दोघांचंही उत्पन्न फक्त शेतीचं असेल आणि कुणाचंही करपात्र उत्पन्न नसेल तरच मिळते. इथे देणारा पगारदार आहे, म्हणजे सूट नाही.

परतफेडीलाही तोच नियम आहे आणि तिथे लोक जास्त फसतात. 15,000 चा हप्ता रोख दिला तर चालेल, कारण तो 20,000 च्या आत आहे, असा समज असतो. पण मर्यादा हप्त्याच्या रकमेवर मोजली जात नाही. शिल्लक कर्ज व्याजासह 20,000 किंवा जास्त असेल तर छोटा हप्तासुद्धा रोखीत देता येत नाही. म्हणून आम्ही वाक्य घातलं: "सदर रक्कम दिनांक 15 नोव्हेंबर 2025 रोजी धनकोच्या बँक खात्यातून ऋणकोच्या बँक खात्यात जमा केली असून परतफेडही बँक खात्यातूनच केली जाईल." दोन्ही खात्यांचे शेवटचे चार अंक आणि व्यवहाराचा क्रमांकही लिहिला. पुढे कधी "मला पैसे मिळालेच नाहीत" किंवा "मी दिले होते" असा वाद झाला तर बँकेचं विवरण बोलेल.

परतफेड: "हंगामाप्रमाणे" म्हणजे नेमकं कधी

दर महिन्याला सारखा हप्ता बागायतदाराला झेपत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. ऑक्टोबरच्या छाटणीला, औषधांना, मजुरीला पैसा लागतो तो नोव्हेंबरच्या आसपास. माल निघतो जानेवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत आणि व्यापाऱ्याचं पेमेंट हातात पडायला आणखी काही आठवडे जातात. म्हणून त्यांनी "हंगामाप्रमाणे" लिहिलं होतं. हेतू चांगला होता, पण या शब्दाला तारीख नाही, आणि तारीख नसली की हप्ता थकला कधी हे ठरवता येत नाही. थकलाच नाही तर थकबाकीचं सगळं कलम निरुपयोगी होतं.

उपाय सोपा आहे. हंगाम मनात धरा, पण कागदावर तारीख लिहा. पेमेंट उशिरा येतं हे धरून एप्रिलऐवजी मेचा मध्य निवडला. खरिपाचा थोडा पैसा दिवाळीच्या सुमारास येतो म्हणून एक लहान हप्ता नोव्हेंबरात ठेवला. मुद्दलाचे तीन हप्ते ठरले: 15 मे 2026 ला 1,20,000, 15 नोव्हेंबर 2026 ला 30,000 आणि 15 मे 2027 ला उरलेले 1,50,000. हप्ते सारखे असलेच पाहिजेत असं काही नाही. बेरीज मुद्दलाइतकी होते ना, एवढं मात्र स्वतः करून बघा. मी पाहिलेल्या बऱ्याच मसुद्यांत हप्त्यांची बेरीज मूळ रकमेशी जुळत नाही.

निफाड भागात गारपीट आणि अवकाळी पाऊस ही नेहमीची भीती. "नैसर्गिक आपत्ती आल्यास सवलत" असं ढोबळ वाक्य निफाडच्या मित्राला हवं होतं. सवलत द्यायला सातपूरचा तयार होता, पण केव्हा आणि किती हे ठरलेलं नव्हतं. आम्ही ते मोजता येईल असं केलं: बागेच्या नुकसानीचा महसूल विभागाचा पंचनामा झाला असेल आणि त्याची प्रत 15 मेच्या आत धनकोला दिली, तर पहिल्या हप्त्यातलं मुद्दल एकदाच 15 नोव्हेंबर 2027 ला ढकलता येईल. त्या मुदतीतलं व्याज मात्र चालू राहील आणि वेळच्या वेळी द्यावं लागेल. पंचनामा आहे की नाही हे कागद दाखवतो, त्यामुळे "माझं खरंच नुकसान झालं" यावर दोघांना एकमेकांशी हुज्जत घालावी लागत नाही.

"मागाल तेव्हा परत देईन" हे वाक्यही मित्रांच्या करारात फार दिसतं. पैसे देणाऱ्याला ते सोयीचं वाटतं. प्रत्यक्षात ते त्याच्याच विरोधात जातं, त्याचं कारण पुढे मुदतीच्या भागात आहे.

व्याज: एका वाक्यात चार गोष्टी हव्यात

"1 टक्का व्याज" यात महिन्याला की वर्षाला हे नाही. आपल्याकडे बोलताना "शेकडा एक" म्हटलं की महिन्याला एक रुपया असंच समजतात, आणि या दोघांच्या मनातही तेच होतं. पण कागद वाचणारा तिसरा माणूस, मग तो वारस असो की न्यायाधीश, बोलीतला संकेत गृहीत धरीलच असं नाही. वर्षाला 1 टक्का धरला तर तीन लाखांवर वर्षाचे 3,000 होतात. महिन्याला धरला तर 36,000. शिवाय पहिल्याच ओळीत "हातउसने" हा शब्द आहे आणि तो बिनव्याजी रकमेसाठी वापरतात. एकाच वाक्यात हातउसने आणि व्याज आल्यावर घेणाऱ्याचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेईल. व्याज असेल तर "हातउसने" काढा आणि "कर्जाऊ" लिहा. व्याज नसेल तर "या रकमेवर कोणतेही व्याज आकारले जाणार नाही" हे स्पष्ट लिहा, नुसतं गप्प राहू नका.

दुसरी गोष्ट, व्याज कशावर. इथे मी दोघांना वेगवेगळ्या चिठ्ठ्या दिल्या आणि म्हटलं, 15 नोव्हेंबर 2026 ला किती रुपये द्यायचे ते एकमेकांना न दाखवता लिहा. सातपूरच्या मित्राने 48,000 लिहिले. निफाडच्याने 40,800. पहिल्याने मूळ तीन लाखांवर सहा महिन्यांचे 18,000 धरून त्यात मुद्दलाचे 30,000 मिळवले होते. दुसऱ्याने मे महिन्यात 1,20,000 फिटल्यावर उरलेल्या 1,80,000 वर सहा महिन्यांचे 10,800 धरले होते. "अरे, मी फेडलेल्या पैशावर पण व्याज घेणार का तू?" असं तो म्हणाला आणि दुसरा गडबडला, कारण त्याने तसा विचारच केला नव्हता. सही झाली असती तर हा फरक एक वर्षाने, हप्त्याच्या दिवशी उघडा पडला असता.

आता पूर्ण हिशेब बघा. शिल्लक मुद्दलावर व्याज धरलं तर पहिल्या सहा महिन्यांचं व्याज 18,000, म्हणून पहिला हप्ता 1,38,000. दुसरं व्याज 10,800, हप्ता 40,800. तिसरं 1,50,000 वर 9,000, हप्ता 1,59,000. एकूण व्याज 37,800. सगळे अठरा महिने मूळ रकमेवर धरलं तर 54,000. फरक 16,200 रुपयांचा. कोणतं बरोबर हे मी ठरवत नाही, ते दोघांनी ठरवायचं. माझं मत विचाराल तर मैत्रीतल्या व्यवहारात शिल्लक मुद्दलावरच व्याज असावं, कारण फेडलेला पैसा देणाऱ्याच्या खात्यात आलेला असतो आणि तो त्याला वापरता येतो.

तिसरी गोष्ट, व्याजावर व्याज आहे का. "सरळ व्याज" असे दोन शब्द घातले की प्रश्न मिटतो. चौथी गोष्ट, अर्धवट रक्कम आली तर ती आधी कशात जमा धरायची. काहीच ठरलं नसेल तर न्यायालयं साधारणपणे आलेली रक्कम आधी व्याजात आणि मग मुद्दलात धरतात. समजा मे महिन्यात 1,38,000 ऐवजी 1,00,000 च आले. मग 18,000 व्याजात गेले, 82,000 मुद्दलात, आणि शिल्लक मुद्दल 2,18,000 राहिलं. आधी मुद्दलात धरलं असतं तर ते 2,00,000 राहून 18,000 व्याज बाकी दिसलं असतं. एकूण येणं दोन्हीकडे सारखंच, पण पुढच्या महिन्यांचं व्याज एकीकडे 2,180 ने चालतं आणि दुसरीकडे 2,000 ने. रक्कम लहान आहे, पण दोघांच्या वह्या जुळेनाशा होतात त्या इथूनच.

शेवटी वाक्य असं झालं: "सदर कर्जाच्या शिल्लक मुद्दलावर दर साल दर शेकडा 12 टक्के दराने सरळ व्याज दिनांक 15 नोव्हेंबर 2025 पासून आकारले जाईल. आलेली रक्कम प्रथम व्याजात व नंतर मुद्दलात जमा धरली जाईल. ठरलेल्या तारखेआधी रक्कम फेडल्यास त्या दिवसापर्यंतचेच व्याज देय राहील." शेवटचं वाक्य घेणाऱ्याच्या हिताचं आहे. बाग चांगली आली आणि मे महिन्यातच सगळं फेडलं तर उरलेल्या वर्षाचं व्याज कुणी मागू नये. त्याखाली तारीख, मुद्दल, व्याज, एकूण आणि शिल्लक अशा पाच रकान्यांचा तीन ओळींचा तक्ता जोडला आणि त्यावरही दोघांच्या सह्या घेतल्या. वाक्य आणि तक्ता यांत फरक पडला तर कोणतं ग्राह्य, तेही लिहून ठेवा. आम्ही तक्ता ग्राह्य धरला.

दर किती असावा? महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली परवानाधारक सावकारांसाठी राज्याने दर ठरवून दिले आहेत. विनातारण कर्जाला शेतकऱ्यासाठी वर्षाला 12 टक्के आणि इतरांसाठी 18 टक्के. एका मित्राला एकदा व्याजाने पैसे दिले म्हणून कुणी सावकार ठरत नाही, कारण कायदा सावकारीच्या "धंद्या"ला परवाना मागतो. पण चार-पाच जणांना नियमितपणे व्याजाने पैसे फिरवणाऱ्याला "हे सगळे मित्रच आहेत" हा बचाव तारत नाही. विनापरवाना सावकारी हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे जाते. म्हणून मित्रांच्या करारातही हे दर वरची मर्यादा समजून चालावं, असं मी सांगतो. "शेकडा दोन" म्हणजे वर्षाला 24 टक्के, हे कागदावर वार्षिक दर लिहिल्यावरच डोळ्यांत भरतं. म्हणूनही दर नेहमी वर्षाचा लिहावा. मिळालेलं व्याज देणाऱ्याने आपल्या विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवायचं असतं.

थकलं तर: या कलमावर सर्वांत जास्त वेळ द्या

मसुद्यातलं दंडव्याज दरमहा 5 टक्के, म्हणजे वर्षाला 60 टक्के. तीन लाखांवर महिन्याला 15,000. सातपूरच्या मित्राला विचारलं, हे तू खरंच घेणार आहेस का? "नाही हो, नुसती भीती राहावी म्हणून टायपिस्टने घातलंय." पण भीतीसाठी घातलेलं कलम न्यायालयात टिकत नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 74 नुसार कागदावर दंडाची रक्कम कितीही लिहिली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देतं. लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. शिवाय असा आकडा सगळ्या करारालाच सावकारीचा रंग देतो. त्याऐवजी "थकलेल्या हप्त्यातील मुद्दलावर, थकलेल्या काळापुरते, वर्षाला 3 टक्के जादा व्याज" असं ठेवलं. पहिला हप्ता थकला तर 1,20,000 वर महिन्याला 300 रुपये. आकडा छोटा दिसतो, पण तो मागता येतो आणि मिळतो. इथे एक तपासा: जादा व्याज थकलेल्या हप्त्यावर आहे की सगळ्या शिल्लक रकमेवर. मसुद्यांत हे बहुधा मोघम असतं.

आता मूळ मसुद्यातल्या त्याच वाक्याचा पहिला भाग: "हप्ता थकल्यास संपूर्ण रक्कम एकरकमी देणे लागेल." देणाऱ्याला हे बळ देणारं वाटतं. पण याला जोडून मुदतीचा कायदा येतो. दिलेल्या कर्जाच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत दाखल करावा लागतो, आणि ती तीन वर्षं कधीपासून मोजायची हे करारातल्या शब्दांवर ठरतं. हप्तेबंदीच्या रोख्यात "एक हप्ता थकला की सगळं देय" असं असेल तर सगळ्या रकमेची मुदत त्या थकण्यापासून सुरू होते, जोपर्यंत देणाऱ्याने तो फायदा सोडून दिलेला नाही. मुदत अधिनियम, 1963 च्या अनुसूचीत अनुच्छेद 37 मध्ये हे आहे.

आमच्या उदाहरणात लावून बघू. 15 मे 2026 चा हप्ता थकला. सातपूरचा मित्र समजूतदार, तो म्हणतो राहू दे, शेवटचा हप्ता मे 2027 चा आहे, तोवर बघू. त्याच्या डोक्यात तीन वर्षं मे 2027 पासून, म्हणजे मे 2030 पर्यंत वेळ आहे. मूळ मसुद्याच्या शब्दांप्रमाणे मात्र सगळ्या रकमेचं घड्याळ मे 2026 लाच सुरू झालं आणि मे 2029 ला थांबलं. मधल्या वर्षात तो दावा घेऊन गेला तर समोरचा वकील मुदतबाह्य म्हणून उभा राहील. "मी फायदा सोडून दिला होता" हे मग त्याला पुराव्याने दाखवत बसावं लागेल. "मागाल तेव्हा देईन" या वाक्यात तर स्थिती आणखी वाईट. तिथे मुदत मागण्याच्या दिवसापासून मोजत नाहीत, पैसे दिले त्या दिवसापासून मोजतात. 15 नोव्हेंबर 2025 ला दिलेले पैसे 2028 च्या नोव्हेंबरात मुदतबाह्य, मग तुम्ही एकदाही मागितले नसले तरी.

म्हणून कलम असं बदललं: "ठरलेल्या तारखेपासून 15 दिवसांत हप्ता न मिळाल्यास धनको ऋणकोस लेखी नोटीस देतील. नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत थकलेला हप्ता न दिल्यास उरलेली सर्व मुद्दल रक्कम व त्या दिवसापर्यंतचे व्याज एकरकमी मागण्याचा हक्क धनकोस राहील. अशी लेखी मागणी केली नाही, तर उरलेले हप्ते आपापल्या तारखेसच देय राहतील." आता सगळी रक्कम आपोआप देय होत नाही, देणाऱ्याने लेखी मागितली तरच होते. घेणाऱ्याला पंचेचाळीस दिवसांची सवड मिळते. आणि न मागता वाट पाहिली तर प्रत्येक हप्त्याची मुदत त्याच्या स्वतःच्या तारखेपासून चालते. तरीही सावधपणा म्हणून वहीत सगळ्यात आधीच्या थकबाकीची तारीख धरूनच तीन वर्षं मोजावीत.

मुदत वाढवून घेण्याचा कायदेशीर मार्गही आहे. तीन वर्षं संपण्याच्या आत घेणाऱ्याने "अमुक तारखेअखेर मी अमुक रक्कम देणे आहे" असं लिहून सही केली की त्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात. काही रक्कम भरली आणि त्याची नोंद त्याच्या अक्षरात किंवा सहीने झाली तरी तसंच. मोबाइलवरच्या संदेशावर विसंबू नका, कागदावर सही घ्या. करारातच एक ओळ घाला: "दरवर्षी 15 मे रोजी ऋणको शिल्लक रकमेची लेखी कबुली सही करून देईल." वर्षातून एकदा ठरल्याप्रमाणे मागितलेली सही मित्रालाही खटकत नाही. अविश्वास वाटतो तो अचानक मागितल्यावर.

नोटीस कुठे पाठवायची तेही लिहा: दोघांचे पूर्ण पत्ते, आणि पोचपावती मिळेल अशा टपालाने. पत्ता बदलला तर कळवण्याची जबाबदारी ज्याचा बदलला त्याची.

जमीन आणि कोरे चेक

20 गुंठ्यांचं वाक्य आम्ही पूर्ण खोडलं. गहाण ठेवायचंच असेल तर त्याचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. साध्या करारात लिहिलेल्या अशा ओळीने जमिनीवर हक्क तयार होत नाही, आणि कर्जापोटी जमीन लिहून घेणं हाच अवैध सावकारीच्या तक्रारींचा नेहमीचा विषय आहे. सावकारीतून अशी गेलेली जमीन परत देण्याचा आदेश करण्याचे अधिकार 2014 च्या कायद्याने जिल्हा निबंधकाला दिलेले आहेत. मैत्रीत दिलेल्या तीन लाखांसाठी त्या वाटेला कुणी जाऊ नये. सातबाऱ्याचा उतारा ओळख म्हणून जोडायला हरकत नाही, जमिनीचं वचन मात्र कागदावर नको.

चेक घ्यायचा असेल तर कोरा घेऊ नका आणि देऊही नका. कर्ज घेणाऱ्याने स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेकसुद्धा देण्यापोटी दिला असंच न्यायालय सुरुवातीला गृहीत धरतं, आणि उलट सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो. दुसऱ्या बाजूला, पूर्ण तीन लाखांचा एकच चेक जवळ ठेवणाऱ्या धनकोचीही अडचण होते. मे महिन्यात 1,38,000 मिळाले आणि नंतर तोच तीन लाखांचा चेक वटवायला टाकला, तर तो परत आला तरी फौजदारी तक्रार टिकत नाही, कारण त्या दिवशी येणं तेवढं नव्हतंच. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे स्पष्ट केलं आहे: अर्धवट परतफेडीची नोंद चेकवर केलेली असेल तरच उरलेल्या रकमेपुरता तो चालतो.

म्हणून तीन हप्त्यांचे तीन चेक, त्या त्या तारखेचे, त्या त्या रकमेचे. करारात तिन्ही चेकचे क्रमांक, बँक आणि रक्कम लिहिली, आणि "हप्ता ऑनलाइन जमा झाल्यास संबंधित चेक सात दिवसांत परत केला जाईल" ही ओळ घातली. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो बँकेत टाकावा लागतो. परत आला तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी मागणी, ती मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस, आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. यातली एक जरी तारीख चुकली तरी तो मार्ग अवघड होतो.

सहीच्या दिवशी

करारासाठीचा किमान मुद्रांक महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून 100 ऐवजी 500 रुपयांचा झाला आहे. कपाटात पडलेला जुना 100 चा कागद वापरू नका. खरेदीपासून सहा महिन्यांच्या पुढचा मुद्रांकही चालत नाही. रक्कम मोठी असेल तर शुल्क वाढू शकतं, ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. शुल्क कमी पडलं तर करार रद्द होत नाही, पण कमी पडलेली रक्कम आणि दंड भरेपर्यंत तो पुरावा म्हणून वाचता येत नाही.

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ, न्यायालयाच्या परिसरात टाइप करून घेताना टायपिस्टच्या संगणकातला तयार नमुना जसाच्या तसा येतो, आणि 5 टक्के दंडव्याजासारखी वाक्यं तिथूनच आलेली असतात. आपला दुरुस्त मजकूर हातात लिहून न्या. छापून आल्यावर तो पुन्हा पहिल्यापासून वाचा, विशेषतः आकडे आणि अक्षरी रक्कम जुळते का ते. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, तक्त्यावरही. दोन साक्षीदार असे घ्या की जे दोघांनाही ओळखतात आणि पुढेही नाशकातच सापडतील. नोटरीचा शिक्का सही कुणी केली याला बळ देतो. मजकुरातली चूक मात्र तो दुरुस्त करत नाही.

"माझे वारस देतील" अशी ओळ असली तर तिचा अर्थ नीट समजून घ्या. वारसांची जबाबदारी त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, त्यांच्या स्वतःच्या कमाईवर ती येत नाही. दोन्ही घरांत निदान एका माणसाला करार कुठे ठेवला आहे हे सांगून ठेवा.

शेवटचा हप्ता जमा झाला की देणाऱ्याने एक पावती द्यायची: "दिनांक 15 नोव्हेंबर 2025 च्या करारापोटी मुद्दल 3,00,000 व व्याज 37,800 मिळून 3,37,800 रुपये पूर्ण मिळाले, काही येणे बाकी नाही." त्यावर सही आणि तारीख. त्याच दिवशी मूळ करारावर "पूर्ण फेड झाली" असं लिहून तो घेणाऱ्याच्या हातात द्यायचा आणि उरलेला चेक असेल तर तोही परत करायचा. हे वाक्य आम्ही करारातच शेवटचं कलम म्हणून घातलं. पावतीचा नमुना सोबत जोडला आणि मग दोघांनी सह्या केल्या.